कलमाचा नंबर राहू दे, घटक लिही

अगं, तुझ्या एव्हिडन्सच्या नोट्सचा फोटो बघितला. पिवळा, गुलाबी, हिरवा, सगळे हायलायटर एका पानावर आलेत. दिसतंय छान, पण त्यातलं किती डोक्यात गेलंय ते त्या रंगांवरून तुलाही कळणार नाही आणि मलाही. रात्री निवांत लिहिते म्हटलं होतं, ते हे.

पुण्यात एलएलबी करताना आपल्याला नंबर पाठ करायची सवय लागते. मृत्युपूर्व जबाब म्हटला की तोंडातून ‘कलम ३२’ निघालंच पाहिजे. (आता ते भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २६ झालंय, १ जुलै २०२४ पासून. तुझी तेव्हा झालेली चिडचिड मला आठवते.) न्यूयॉर्कच्या बारच्या निबंधात नंबर लिहिला नाहीस तरी चालतं. तिथे हवा असतो नियम, त्याच्या प्रत्येक घटकासकट, आणि तो दिलेल्या हकिकतीला लावलेला. एका निबंधाला तीस मिनिटं. असे सहा निबंध, आणि दुसऱ्या दिवशी दोनशे बहुपर्यायी प्रश्न. तेव्हा नंबर म्हणजे नुसता पिनकोड, योग्य मोहल्ल्यात पोचण्यापुरता.

पण तो पिनकोड फेकून देऊ नकोस, कारण फेडरल रूल्स ऑफ एव्हिडन्सची मांडणीच गटांची आहे. चारशेत संबद्धता, सहाशेत साक्षीदार, सातशेत तज्ज्ञांची मतं, आठशेत ऐकीव पुरावा. मुलं अडकतात ती आठशेत, म्हणून तेवढंच सांगते.

ऐकीव पुराव्याचे अपवाद ओळीने पाठ करायला घेऊ नकोस. ८०३ मध्येच वीसहून जास्त आहेत, आणि ओळीने पाठ केलेली यादी मधूनच विचारली की सापडत नाही. आधी तीन गठ्ठे कर आणि प्रत्येक गठ्ठ्याला एक प्रश्न लाव. पहिला गठ्ठा ८०१(डी): हे मुळात ऐकीव धरायचंच नाही असं कायदा म्हणतो का? उदाहरणार्थ, विरुद्ध पक्षकाराचं स्वतःचं विधान. दुसरा ८०३: बोलणारा माणूस कोर्टात येऊ शकतो की नाही, याने काही फरक पडत नाही. तिसरा ८०४: तो माणूस मिळत नसेल तरच. ८०३ च्या पोटात पुन्हा दोन ढीग पडतात. पहिल्या चारांत विश्वास कशामुळे, तर बनवाबनवी करायला वेळ किंवा कारण नसतं: घटना बघताबघता बोललेलं, धक्क्याच्या भरात बोललेलं, त्या क्षणीची मनाची किंवा शरीराची अवस्था, उपचारासाठी डॉक्टरला सांगितलेलं. पुढे नोंदी येतात, धंद्याच्या, सरकारी वगैरे. त्यांचा विश्वास नित्यक्रमावर. असा ‘का’ धरून गट केलास की एखादा अपवाद निसटला तरी कारणावरून तो परत पकडता येतो. ८०४(बी) मध्ये पाचव्या आकड्यावर भोक आहे, तिथला नियम १९९७ मध्ये ८०७ ला हलवला. मला हे भोक फार आवडतं. त्याच्यामुळे सहावा, म्हणजे साक्षीदाराला गैरकृत्याने गायब करणाऱ्याचा नियम, कधी विसरत नाही.

आता खरं काम. ८०४(बी)(२), मृत्युपूर्व जबाब, एकदा नीट वाच. पुस्तक बंद कर. कोरा कागद घे आणि घटक लिही, आपल्या शब्दांत नाही, कायद्याच्या जवळच्या शब्दांत. मग उघडून लाल पेनाने जे सुटलं तेवढंच भर.

तुझा कागद कसा येईल ते मी आत्ताच सांगते. तू लिहिशील, ‘मेलेल्या माणसाचं, मृत्यूच्या कारणाबद्दलचं विधान, कुठल्याही खटल्यात चालतं.’ त्यात अमेरिकेचा कायदा थोडा आणि कलम ३२ जास्त. इथे माणूस मेलेलाच हवा असं नाही, तो अनुपलब्ध हवा. कोमात असला तरी चालेल. इथे बोलताना त्याला आपला मृत्यू अगदी जवळ आलाय असं वाटत असलं पाहिजे, आपल्याकडे ती अट नाही. आणि फौजदारीत फक्त मनुष्यवधाच्या खटल्यात चालतं, शिवाय दिवाणी दाव्यात. मृत्यूच्या कारणाबद्दल किंवा परिस्थितीबद्दल असावं, एवढं मात्र दोन्हीकडे सारखं. ही तुझी ढिलाई नव्हे. जुनं पाठांतर पक्कं असलं की ते नव्याच्या जागी येऊन बसतं, आणि नुसतं वाचताना ते कळत नाही, कारण वाचताना सगळं ओळखीचं वाटतं. लाल पेनाच्या खुणा मात्र तीनच जागी पडतात, आणि त्या तीन जागा म्हणजेच तुझा अभ्यास.

मग त्यावर एक हकिकत सोडव. क्वीन्समध्ये दुकानदाराला गोळी लागते. शेजारी धावत येतो, त्याला दुकानदार घाबराघुबरा होऊन म्हणतो, ‘मी आता वाचत नाही, मला लाल टोपीवाल्याने मारलं.’ दुकानदार जगतो, पण कोमातून बाहेर येत नाही. खटला खुनाच्या प्रयत्नाचा. तुझ्या हातून पटकन मृत्युपूर्व जबाब लिहिला जाईल. थांब. अनुपलब्ध आहे, मृत्यू जवळ वाटला, कारणाबद्दल बोलला, पण खटला मनुष्यवधाचा नाही आणि दिवाणीही नाही. म्हणजे ८०४ चं दार बंद. मग ८०३(२), धक्क्याच्या भरातलं बोलणं, बघायचं. बहुधा ते आत येईल. लाल टोपीवाल्यावर दिवाणी दावा लावला असता तर ८०४ ही चाललं असतं. एका हकिकतीत दोन गठ्ठे शेजारी आले की सीमा पक्की होते. (हेच बोलणं पोलिसाने विचारपूस करून काढलं असतं तर सहाव्या घटनादुरुस्तीचा, म्हणजे २००४ च्या क्रॉफर्ड खटल्याचा प्रश्नही आला असता. ते पुढच्या वेळी.)

उजळणी रोज करू नकोस. लिहिलेला कागद त्याच संध्याकाळी एकदा, दुसऱ्या दिवशी, मग तीनेक दिवसांनी, मग आठवड्याने. दर वेळी कोरा कागद, नोट्स नाहीत. जो नियम दोनदा लागोपाठ पूर्ण आला त्याला लांब ढकल, जिथे लाल खूण पडली तो उद्याच परत. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रॉडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर हे तपासलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हापुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे. तुला जुलैपर्यंत टिकवायचंय, म्हणून सुरुवातीला हात जड वाटला तरी चालू ठेव.

कधी बदलायचं तेही सांगते. सगळे घटक बिनचूक येतात पण सरावाचा निबंध अर्धाच होतो, असं दिसलं की पाठांतर थांबव आणि वेळ लावून लिहायला लाग. परीक्षा लॅपटॉपवर असते, म्हणून शेवटचे आठवडे टाइप करूनच. हाताने लिहिणं आठवणीसाठी, टाइप करणं वेगासाठी. उलटही होतं: निबंध झकास रंगतो पण नियमाचं वाक्य गुळमुळीत, ‘साधारणपणे असं विधान चालतं’ या थाटाचं. तेव्हा परत कोऱ्या कागदावर ये.

४०७ ते ४११ चा गट तू स्वतः लाव, कारण शोधून. एकच इशारा देते: ४०८ आणि ४०९ शेजारी शेजारी दोन रकाने काढून लिही. तडजोडीच्या बोलणीत दिलेली कबुलीसुद्धा झाकली जाते, दवाखान्याचा खर्च देतो म्हणताना दिलेली कबुली मात्र उघडी राहते. प्रश्न काढणाऱ्यांना हा फरक फार आवडतो.

शनिवारी फोन करशील तेव्हा माणूस ‘अनुपलब्ध’ धरायची ८०४(ए) मधली पाचही कारणं विचारणार आहे. मेला किंवा आजारी, हे एकच कारण झालं. बाकीची चार बघून ठेव, पण नंतर पुस्तक मिटून.