इसबगोल घेताय? आधी पाण्याचा पेला भरा

शौचास साफ होत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णाला मी इसबगोल सुचवतो, तेव्हा बहुतेक वेळा उत्तर येते, "ते तर घरी आहेच, डॉक्टर." खरे आहे. किराणा दुकानात मिळणारी, चिठ्ठी न लागणारी आणि पोटात कळ न आणणारी ही वस्तू घराघरांत असते. मात्र ती कशी घ्यायची हे विचारले की प्रत्येक घरी वेगळी रीत निघते. कोणी कोरडाच चमचा तोंडात टाकून वर घोटभर पाणी पितो, कोणी अर्धी वाटी दुधात कालवून झोपताना खातो, तर कोणी सकाळच्या सगळ्या गोळ्यांबरोबर एकदमच उरकून घेतो. या तिन्ही रीती चुकीच्या आहेत. कशा, ते आज पाहू.

इसबगोल म्हणजे एका लहान रोपाच्या बियांवरचा पांढरा पापुद्रा. आपल्याकडे येणारा बराचसा माल गुजरात आणि राजस्थानातला असतो. या पापुद्र्यातला चिकट पदार्थ पाणी शोषून फुगतो. आपले आतडे तो फारसा पचवत नाही. म्हणून तो पाणी धरून तसाच पुढे सरकतो, मळ मऊ करतो, त्याचा आकार वाढवतो आणि आतड्याला तो पुढे ढकलणे सोपे जाते. म्हणजे खरे काम पाण्याचे, इसबगोल ते पाणी धरून ठेवतो एवढेच.

घरी करून पाहा

दोन पेले घ्या. एकात चार चमचे पाणी आणि दुसऱ्यात पेलाभर पाणी ओता. दोन्हींत एक-एक चहाचा चमचा इसबगोल टाकून ढवळा आणि दहा मिनिटे थांबा. पहिल्या पेल्यात खळीसारखा घट्ट गोळा झालेला दिसेल, पेला तिरका केला तरी तो सहज हलणार नाही. दुसऱ्यातले मिश्रण पातळच राहील. कोरडा किंवा थोड्या पाण्यात घेतलेला इसबगोल अन्ननलिकेत अडकला, तर तिथे पहिल्या पेल्यातलाच प्रकार होतो. वयस्कर माणसांत गिळण्याची गती मंदावलेली असते आणि तोंडाला कोरड असते, त्यामुळे त्यांना हा धोका अधिक.

म्हणून रीत अशी ठेवावी. एक चहाचा चमचा इसबगोल सुमारे २५० मिलिलिटर, म्हणजे मोठा पेलाभर पाण्यात टाकावा, ढवळावा आणि घट्ट होऊ न देता लगेच बसून प्यावा. त्यावर आणखी अर्धा-एक पेला पाणी प्यावे. आडवे पडून घेऊ नये आणि घेऊन लगेच झोपूही नये. रात्रीच घ्यायचा असेल तर झोपण्यापूर्वी निदान तासभर आधी घ्यावा. दिवसभरातही पाणी पुरेसे हवे, नाहीतर आतड्यात मळाचा कोरडा गोळा बनून बद्धकोष्ठता वाढते. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून पिण्यास सांगितले आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय इसबगोल सुरू करू नये.

आणखी एक गोष्ट. इसबगोलाचा गुण यायला बारा तासांपासून तीन दिवसांपर्यंत वेळ लागतो. पहिल्या सकाळी पोट साफ झाले नाही म्हणून दुसऱ्या दिवशी तीन चमचे घेऊ नयेत. एका चमच्यापासून सुरुवात करून गरजेनुसार हळूहळू वाढवावे, म्हणजे वायू आणि पोटफुगीही कमी होते.

गोळ्यांपासून दोन तास दूर का?

पोटात गेलेली गोळी आधी विरघळते आणि मग तिच्यातले औषध आतड्याच्या अस्तरातून रक्तात शिरते. त्याच वेळी इसबगोलाची खळ तिथे असेल तर काही औषध तिच्यात गुरफटून राहते आणि रक्तात कमी किंवा उशिरा पोहोचते. रुग्ण गोळी नेमाने घेतो, पण गुण मात्र पुरता येत नाही. म्हणून इसबगोलाच्या आधी आणि नंतर दोन-दोन तास इतर औषध घेऊ नये. ज्या औषधांत थोडासा फरकही महागात पडतो, त्यांच्याबाबत हे कटाक्षाने पाळावे: थायरॉईडची गोळी, हृदयासाठीचे डिगॉक्सिन, रक्त गोठू न देणारे वॉरफरिन, फिटसाठीचे कार्बामाझेपिन आणि मानसिक आजारातले लिथियम. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हेच लागू आहे.

माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांचे उदाहरण घ्या. वय बासष्ट. थायरॉईडची गोळी अनेक वर्षे एकाच मात्रेत चालू आणि रक्ताचा अहवालही ठीक. मग चार महिन्यांत सुस्ती आली, वजन वाढले आणि टीएसएच वर गेलेला आढळला. गोळीची मात्रा वाढवण्यापूर्वी मी त्यांना सकाळी उठल्यापासूनचा क्रम सांगायला लावला. सहा वाजता थायरॉईडची गोळी आणि पाठोपाठ त्याच पाण्यात इसबगोल! तो त्यांनी चार महिन्यांपूर्वीच सुरू केला होता.

गोळी तीच ठेवून आम्ही वेळापत्रक बदलले. सकाळी सहाला उपाशीपोटी थायरॉईडची गोळी, सातला चहा, साडेआठला नाश्त्याबरोबर रक्तदाबाची गोळी. इसबगोल अकरा वाजता, म्हणजे रक्तदाबाच्या गोळीपासून अडीच आणि थायरॉईडच्या गोळीपासून पाच तासांवर. थायरॉईडसाठी मी दोनऐवजी चार तासांचे अंतर ठेवायला सांगतो. दुपारी दीडला जेवण आणि त्यानंतर कॅल्शियमची गोळी. दीड महिन्याने पुन्हा तपासले तेव्हा टीएसएच पूर्ववत झाला होता. सुरुवातीलाच मात्रा वाढवली असती आणि पुढे कधी इसबगोल बंद झाला असता, तर तीच वाढीव गोळी जास्त होऊन छातीत धडधड सुरू झाली असती.

आपल्या गोळ्यांचा असाच क्रम कागदावर मांडा आणि सर्वांत मोठी मोकळी जागा शोधा. बहुतेकांना ती सकाळी अकरा किंवा सायंकाळी पाचच्या सुमारास सापडते. मधुमेहाच्या रुग्णांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. इसबगोलामुळे जेवणानंतरची साखर कमी चढते. म्हणून सुरुवातीचे काही दिवस साखर तपासावी आणि ती खाली येऊ लागल्यास डॉक्टरांना कळवावे.

कोणी घेऊ नये, केव्हा धावावे

गिळायला त्रास होणारे, अन्ननलिका अरुंद झालेले आणि आतडे अडण्याचा त्रास असलेले रुग्ण यांनी इसबगोल घेऊ नये. शौचातून रक्त जात असेल किंवा शौचाची सवय अचानक बदलून दोन आठवडे झाले असतील, तर आधी तपासणी करून घ्यावी.

इसबगोल घेतल्यावर छातीत अडकल्यासारखे वाटले, लाळसुद्धा गिळता येईना, छातीत दुखू लागले किंवा श्वास लागला, तर केळे, भाकरी किंवा आणखी पाणी देऊन तो खाली ढकलण्याचा प्रयत्न करू नका. तसे केल्यास ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. रुग्णाला बसते ठेवून थेट रुग्णालयात न्या. पोट फुगून वायूही सरत नसेल आणि उलट्या होत असतील, तर तेही तातडीचेच समजा. जाताना डॉक्टरांना सांगा की इसबगोल किती, किती पाण्यात आणि किती वाजता घेतला होता.