सात पीएचची रेघ

टायट्रेशनची रीडिंग जुळली नाहीत की पहिला संशय विद्यार्थ्याच्या हातावर येतो. ब्युरेटची तोटी नीट फिरवली नसेल, फ्लास्क हलवला नसेल, रीडिंग घेताना डोळा पातळीत नसेल. बहुतेक वेळा हे खरंही असतं. पण बी.एस्सी.च्या एका बॅचमध्ये मी जे पाहिलं त्यात हातांचा काही दोष नव्हता. दोष हातात दिलेल्या कागदात होता आणि तो कसा वाचला गेला यात होता. तसे कागद आजही अनेक ठिकाणी वाटले जातात, म्हणून हे लिहिते आहे.

प्रयोग साधा होता. फ्लास्कमध्ये २५ मिली ॲसेटिक ॲसिड, साधारण ०.१ मोलर. ब्युरेटमध्ये ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड. हँडआउटवर टायट्रेशनचा वक्र छापला होता, वर शीर्षक ‘आम्ल-अल्कली टायट्रेशन’. वक्र पीएच १ पासून निघत होता, २५ मिलीजवळ सरळ उभा चढत होता, आणि पीएच ७ वर एक तुटक आडवी रेघ होती, शेजारी ‘इक्विव्हॅलन्स पॉइंट’. खाली इंडिकेटरचा तक्ता आणि एक वाक्य : मिथिल ऑरेंज किंवा फिनॉल्फ्थॅलीन, कोणतंही वापरावं.

मुलांनी मिथिल ऑरेंज घेतलं, कारण ती बाटली टेबलावर जवळ होती. पायलट रीडिंगलाच गडबड सुरू झाली. कुणाचा रंग चार मिलीला ‘बदलला’, कुणाचा सहाला, कुणाचा जवळजवळ आठला. सी.बी.आर. काही केल्या येईना. एका जोडीचा मात्र आला, कारण त्यांनी नारिंगी रंगाची एक छटा मनाशी पक्की केली आणि दर वेळी तिथेच थांबले. त्यांची तिन्ही रीडिंग एकमेकांशी जुळत होती आणि तिन्ही चुकीची होती. सहा मिली धरून हिशोब केला तर आम्ल ०.०२४ मोलर निघतं, म्हणजे खऱ्याच्या पावपट. रीडिंग जुळणं हा बरोबर असल्याचा पुरावा नसतो, हे त्या दिवशी सगळ्या बॅचसमोर उघड झालं.

हँडआउटवरचा वक्र मुळात चुकीचा नव्हता. तो हायड्रोक्लोरिक ॲसिडचा होता. तीव्र आम्लात तीव्र अल्कली घातली की सममूल्य बिंदू पीएच ७ वरच येतो. ०.१ मोलर द्रावणं घेतली तर २४.९५ मिलीला पीएच सुमारे ४ असतो आणि २५.०५ मिलीला १०. म्हणजे दोन थेंबांत सहा एकक उडी. एवढ्या उंच उडीत मिथिल ऑरेंजही बसतं आणि फिनॉल्फ्थॅलीनही. ‘कोणतंही वापरावं’ हे वाक्य तिथे खरं आहे. ॲसेटिक ॲसिडला ते लागू नाही, आणि कागदावर आम्लाचं नावच नव्हतं.

म्हणून वक्र हातात आला की आधी उभ्या भागाकडे धावू नका. डावं टोक पाहा. एक थेंबही अल्कली न घालता पीएच किती आहे? ०.१ मोलर तीव्र आम्लाचा वक्र १ पासून निघतो. त्याच संहतीचं ॲसेटिक ॲसिड २.९ च्या आसपास सुरू होतं. पुढे सौम्य आम्लाचा वक्र थोडा चढून बराच वेळ सपाटीने चालतो, कारण फ्लास्कमध्ये उरलेलं आम्ल आणि तयार झालेलं सोडियम ॲसिटेट मिळून बफर बनतं. या सपाट भागाच्या बरोबर मध्यावर, १२.५ मिलीला, पीएच आम्लाच्या पीकेए इतका असतो. ॲसेटिक ॲसिडसाठी तो ४.७६. एवढं पाहिलं की फ्लास्कमध्ये कोणतं आम्ल असावं याचा चांगला अंदाज येतो. मात्र या खुणेवरून सममूल्य बिंदूचं आकारमान तपासायला जाऊ नका. तो भाग इतका सपाट असतो की अर्धा मिली इकडे-तिकडे झालं तरी पीएच जेमतेम हलतो.

सममूल्य बिंदू म्हणजे आम्लाइतकीच अल्कली जिथे पडली ती जागा. वक्र जिथे सर्वात जास्त उभा असतो तिथे ती सापडते. तिचा पीएच ७ शी संबंध असेलच असं नाही. ॲसेटिक ॲसिड पूर्ण संपलं की फ्लास्कमध्ये सोडियम ॲसिटेट उरतं, आणि ॲसिटेट आयन पाण्याशी प्रक्रिया करून थोडा हायड्रॉक्साइड तयार करतो. त्यामुळे या प्रयोगात सममूल्य बिंदूला पीएच ८.७ च्या आसपास असतो. पीएच ७ त्याआधीच, २४.८६ मिलीला येऊन जातो. तीन थेंबांचा हा फरक कुणाला किरकोळ वाटेल. पण बोरिक ॲसिडसारख्या फार सौम्य आम्लासाठी हीच रेघ वापरली तर काय होतं पाहा. त्याचा पीकेए ९.२ च्या जवळपास आहे. ०.१ मोलर बोरिक ॲसिडच्या २५ मिलीत अल्कलीचे दोन-तीन थेंब पडतात न पडतात तोच पीएच ७ होतो, आणि खरा सममूल्य बिंदू २५ मिलीलाच असतो.

आता तो नेमका कसा वाचायचा? छापील वक्रावर आडव्या अक्षाचा एक भाग दहा मिलीचा आणि रेघ जाड, मग २४.९ आणि २५.१ यांत फरक दिसणार कुठून? वक्राने फक्त जागा दाखवायची. नेमका आकडा रीडिंगच्या तक्त्यातून काढायचा. आपल्या प्रयोगाचे आकडे असे येतात :

२४.९० मिली : पीएच ७.१६
२४.९५ मिली : पीएच ७.४६
२५.०० मिली : पीएच ८.७३
२५.०५ मिली : पीएच १०.००
२५.१० मिली : पीएच १०.३०

दोन लागोपाठच्या रीडिंगमधला पीएचचा फरक घ्या आणि त्याला मिलीतल्या फरकाने भागा. पहिल्या टप्प्यात उत्तर ६ येतं, पुढच्या दोन्ही टप्प्यांत सुमारे २५, आणि शेवटी पुन्हा ६. चढ सर्वात तीव्र असलेले दोन टप्पे २५.०० च्या दोन्ही बाजूंना सारखे आहेत, म्हणून सममूल्य बिंदू २५.०० मिली. प्रत्यक्ष पीएच मीटरवर आकडे इतके नेटके येत नाहीत, तरी रीत हीच. एक काळजी मात्र घ्यावी लागते. बिंदू जवळ आल्यावरही एकेक मिली अल्कली घालत राहिलात तर सगळी उडी दोन रीडिंगच्या मध्ये गडप होते आणि मग कोणताही हिशोब तिला बाहेर काढू शकत नाही. वक्र चढायला लागला की थेंबाथेंबाने जायचं.

इंडिकेटर निवडायचा तो यानंतर. २५.०० च्या एक थेंब अलीकडे आणि एक थेंब पलीकडे पीएच किती आहे ते तक्त्यात पाहा : ७.४६ आणि १०.००. ज्या इंडिकेटरचा रंगबदल या दोन आकड्यांच्या आत पूर्ण होतो, तोच तुमचा. फिनॉल्फ्थॅलीन ८.३ ते १० मध्ये बदलतं. मिलीच्या भाषेत सांगायचं तर पहिली गुलाबी झाक २४.९९ ला आणि भरलेला रंग २५.०५ ला, म्हणजे जेमतेम एका थेंबाचा खेळ. ब्रोमोथायमॉल ब्लू ६.० ते ७.६ मध्ये बदलतं. त्याचा बदल २३.६ मिलीला सुरू होऊन २४.९६ ला संपतो. अगदी शेवटच्या निळ्या रंगावर थांबणाऱ्याचं उत्तर बरं येईल, हिरव्यावर थांबणाऱ्याचं नाही. मिथिल ऑरेंजची मर्यादा ३.१ ते ४.४. ॲसेटिक ॲसिडमध्ये त्याचा रंग पहिल्या अर्ध्या मिलीतच सरकायला लागतो आणि साडेसात मिलीच्या सुमारास पूर्ण पिवळा होतो. चार, सहा, आठ ही रीडिंग कुठून आली ते आता कळेल. सगळी मुलं आपापल्या जागी प्रामाणिक होती. बदलाला क्षणच नव्हता, सात मिलीचा उतार होता.

प्रयोग चालू असतानाही हे ओळखता येतं. रंग एका थेंबात पालटत नसेल, मिलीमागून मिली नुसता सरकत असेल, तर पुन्हा पुन्हा टायट्रेशन करण्यात वेळ घालवू नका. इंडिकेटर बदला. फिनॉल्फ्थॅलीनची एक वेगळी सवय आहे : गुलाबी रंग आल्यावर काही वेळाने फिका पडतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावणात विरघळल्याने असं होतं. फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की रीडिंग घ्यायचं. नंतर तो गेला म्हणून आणखी अल्कली घालायची नाही.

या रीतीलाही मर्यादा आहे. द्रावणं शंभरपट पातळ केली, ०.००१ मोलर, तर ॲसेटिक ॲसिडची तीच उडी दोन थेंबांत ७.४ पासून ८.१ पर्यंतच जाते. सममूल्य बिंदू ७.७ वर सरकतो आणि एक थेंब जास्त पडला तरी फिनॉल्फ्थॅलीन रंग धरत नाही. बोरिक ॲसिडच्या वक्रावर तर ०.१ मोलरलाही धड उडी दिसत नाही. तिथे कोणताही इंडिकेटर कामाचा नाही. द्रावणात मॅनिटॉल घालून आधी आम्ल अधिक तीव्र करतात, मग फिनॉल्फ्थॅलीन चालतं. वक्रावर उभा भाग नसेल तर इंडिकेटरचा तक्ता उघडूच नये. अमोनियाचं हायड्रोक्लोरिक ॲसिडशी टायट्रेशन करताना सगळं उलट होतं. सममूल्य बिंदू ५.३ वर येतो, मिथिल रेड बरोबर बसतं आणि फिनॉल्फ्थॅलीन खूप आधीच रंग टाकतं.

शिक्षकांना एक विनंती. हँडआउटवरच्या प्रत्येक वक्राखाली फ्लास्कमध्ये काय, ब्युरेटमध्ये काय आणि दोन्हींची संहती किती हे छापा. पीएच ७ ची रेघ फक्त तीव्र आम्ल आणि तीव्र अल्कलीच्या वक्रावर ठेवा. आणि विद्यार्थ्यांनो, ही माहिती नसलेला वक्र हाती आला तर त्यावरून इंडिकेटर निवडू नका. आधी आम्लाचं नाव विचारा.