एका ओळीच्या मागणीवरून चाचणीचा अंदाज

प्रश्न : दोन प्रोग्रामर आणि एकच टेस्टर असताना, ‘ग्राहकाला कूपन वापरता यावे’ एवढ्याच मागणीवरून टेस्टिंगचे दिवस कसे सांगावेत?

उत्तर : अशा वेळी एकच आकडा न देता तीन आकडे मांडावेत : सर्व सुरळीत झाल्यास 2 दिवस, बहुधा लागतील ते 4 आणि सर्वांत वाईट स्थितीत 12. ‘त्रिबिंदू अंदाज’ या पद्धतीत मधल्या आकड्याला चौपट वजन देऊन बेरजेला 6 ने भागतात; म्हणजे (2 + 4×4 + 12) ÷ 6 = 5 दिवस. मात्र या 5 पेक्षा 2 आणि 12 यांतील अंतर अधिक बोलके असते, कारण ते कामाचा आकार नव्हे, तर अज्ञान मोजते. येथे ते बहुतांशी एकाच अनुत्तरित प्रश्नातून येते : ऑर्डरमधील एकच वस्तू परत केल्यास सवलतीचे काय होते? अंशतः परतावा पहिल्या आवृत्तीत नाही, असे लेखी ठरल्यास वाईट आकडा 6 वर येतो आणि अंदाज 4 दिवसांवर. त्रुटी दुरुस्त झाल्यावरची फेरचाचणी या आकड्यांत धरली आहे का, हेही तपासावे. एकट्या टेस्टरचे वेळापत्रक बहुधा तेथेच कोसळते.