सोललेल्या वालाची विक्री : आधी चार आठवड्यांचा अजमास

भाताची कापणी झाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर कडवा वाल घेण्याची रीत रायगड जिल्ह्यात जुनी आहे. उरण तालुक्यातील चिरनेर गावाला एका अंगाला उरणची व दुसऱ्या अंगाला पनवेलची बाजारपेठ जवळ पडते. अशा ठिकाणच्या शेतकरी कुटुंबाला सुका वाल व्यापाऱ्याला घालण्याऐवजी तो भिजवून, मोड आणून व सोलून डाळिंब्यांच्या रूपाने विकावा असे वाटणे साहजिक आहे. सोलण्याचे काम किचकट असल्याने शहरातील गृहिणी त्यासाठी जादा पैसे मोजते. परंतु किती गृहिणी, किती वेळा व कोणत्या दिवशी पैसे मोजतील, हे ठाऊक होण्यापूर्वीच घरातील सर्व वाल या कामी लावणे धोक्याचे आहे. सुका वाल नीट वाळवून ठेवला तर वर्षभर टिकतो. सोललेला वाल मात्र थंड जागी ठेवूनही एकदोन दिवसांत बुळबुळीत होतो व त्यास आंबूस वास येऊ लागतो. न खपलेला माल परत कणगीत टाकता येत नाही.

म्हणून प्रथम लहान घाणा काढावा. येथे चार किलो सुक्या वालाचे उदाहरण घेऊ. यातील आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे स्वतः वजन करून व घड्याळ पाहून मांडावेत.

वाल रात्री कोमट पाण्यात भिजत घालावा, सकाळी निथळून फडक्यात बांधावा व मोड आल्यावर पुन्हा कोमट पाण्यात टाकून सोलावा. थंडीत मोड येण्यास अधिक वेळ लागतो, हे विक्रीचा दिवस ठरविताना ध्यानात घ्यावे. न भिजणारे गणंग दाणे व सालपटे वजा जाता चार किलोंचे सात किलो सोललेले वाल झाले असे समजू. पाव किलोच्या 28 पिशव्या होतील. वालाची किंमत 720 रुपये, सोलण्याची मजुरी 600 रुपये आणि वाहतूक 200 रुपये, मिळून खर्च 1520 रुपये. पिशवीस 70 रुपये भाव ठेवला, तर 22 पिशव्या खपेपर्यंत खर्चच भरून निघत नाही. सर्व 28 खपल्या तरी हाती 440 रुपये राहतात. घरच्या माणसांनी सोलले म्हणून मजुरी धरू नये, असे पुष्कळांस वाटते. ते चुकीचे आहे. पुढे काम वाढले की मजूर लावावेच लागतात, व तेव्हा हा भाव परवडत नाही असे उशिरा कळते.

अजमासाच्या काळात फुकट वानगी वाटू नये. फुकट दिलेल्या डाळिंब्या सर्वांनाच गोड लागतात. पुढे जो भाव ठेवावयाचा, तोच पहिल्या दिवसापासून घ्यावा. विकणाऱ्याने एका वहीत तारीख, घर, पिशव्यांची संख्या व घेणारा ओळखीचा आहे की परका, एवढेच लिहावे. माल लवकर संपला, तर त्यानंतर किती जण विचारून परत गेले तेही टिपावे. एरवी मागणी 28 पिशव्यांची होती की 50 ची, हे वहीवरून कधीच समजणार नाही.

आता वही वाचण्याकडे वळू. समजा, विक्री शनिवारी सकाळी एका वसाहतीत केली. पहिल्या आठवड्यात 24 घरांनी मिळून सर्व 28 पिशव्या घेतल्या व सर्वांनी मालाची वाखाणणी केली. दुसऱ्या आठवड्यात 19, तिसऱ्यात 14 व चौथ्यात 15 पिशव्या गेल्या. पहिल्या शनिवारच्या जोरावर चाळीस किलो वाल भिजत घालणारा येथेच फसतो. त्या दिवशीच्या खपात ओळखीपाळखीची भीड व नव्याची नवलाई दोन्ही मिसळलेल्या असतात. खरा आकडा चौथ्या आठवड्याचा. त्या 15 पिशव्यांपैकी 13 पिशव्या पहिल्या 24 घरांपैकी 11 घरांनी, कोणी आग्रह न करता, पुन्हा येऊन घेतल्या व दोन नवीन घरांत गेल्या. ही 11 घरे हाच धंद्याचा पाया होय. उरलेल्या 13 घरांना ‘माल आवडला का?’ असे विचारून उपयोग नाही, कारण तोंडावर कोणी नाही म्हणत नाही. ‘मागच्या पिशवीचे काय केले, कधी शिजवले?’ असे विचारावे. त्यातून निराळेच काही कळण्याचा संभव असतो : दुसऱ्या दिवशी रविवारी घरात मासळी शिजली, सोमवारी पिशवी उघडली, तोवर वाल बुळबुळीत झाला होता. येथे दोष चवीचा नाही, भावाचाही नाही. तो दिवसाचा आहे.

असे आढळल्यास भाव, पिशवीचा आकार व दिवस ही तिन्ही एकदम बदलू नयेत, नाहीतर फरक कशाने पडला ते उमगणार नाही. फक्त दिवस बदलावा. शुक्रवारी रात्री वाल भिजवून, शनिवारी बांधून, रविवारी दुपारी सोलून संध्याकाळी विक्रीस न्यावा, म्हणजे सोमवारच्या शाकाहारी जेवणास तो ताजा मिळतो. पुढील दोन आठवड्यांत 21 व 22 पिशव्या गेल्या, तर सुमारे सव्वातीन किलो सुका वाल दर आठवड्यास भिजवणे योग्य ठरेल. वाहतुकीचा खर्च तोच राहत असल्याने यापुढची वाढ दुसरी वसाहत जोडून करावी. तेथेही हाच अजमास नव्याने घ्यावा लागेल.

अजमास कोणत्या ऋतूत घेतला यासही महत्त्व आहे. श्रावणात वालाच्या बिरड्याला जी मागणी असते, ती मार्गशीर्षाचे गुरुवार सोडले तर फारशी आढळत नाही. श्रावणातील चार आठवडे पाहून वर्षाचा अंदाज बांधणे म्हणजे पुराचे पाणी पाहून विहीर खणण्याजोगे आहे. या बाबतीत लिज्जत पापडाचा आरंभ पाहण्यासारखा आहे. दिनांक 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावातील सात स्त्रियांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटण्यास सुरुवात केली, तेव्हा पहिल्या दिवशीचा माल अवघी चार पाकिटे होता. आरंभी त्या हलका व चांगला असे दोन प्रतींचे पापड करीत; पुढे एकच चांगली प्रत ठेवली. मार्चच्या उन्हात जे काम सुरळीत चालले, ते पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी खाटेवर पापड पसरून खाली शेगडी ठेवण्याची तोड काढण्यात आली. काम लहान होते म्हणून ही अडचण सोसता आली.

वाल सोलणाऱ्यांनीही पावसाळ्यातील एक घाणा व कडक उन्हाळ्यातील एक घाणा वेगळा करून पाहावा. उन्हाळ्यात बांधलेला वाल लवकर तापतो व मोड येण्यापूर्वीच वास मारू लागतो. तेव्हा फडके वरचेवर ओले करून वाल हवेशीर जागी ठेवावा व सोललेला माल बर्फाच्या डब्यातून न्यावा. त्या बर्फाचा खर्चही वहीत मांडावा. खाद्यपदार्थ विकावयाचा असल्याने अन्न सुरक्षा कायदा, 2006 खालील नोंदणी पहिल्या घाण्यापूर्वीच करून घेणे आवश्यक आहे.