डाग, एन्झाइम आणि बंबाचं कढत पाणी

होस्टेलवर राहणाऱ्या प्रत्येकाला रविवार माहीत आहे. आठवड्याचे कपडे, एक बादली आणि मेसमधल्या अंडाकरीचे, दुधाचे, वरणाचे डाग. आपल्यापैकी बहुतेकांचा समज असा की पाणी जितकं कढत तितका डाग लवकर निघणार. आमच्याकडे साताऱ्यात अजूनही बंब पेटतो, त्यामुळे कढत पाण्याची कमी नाही. पण रक्ताचा डाग पडला की आजी बजावायची, "गार पाण्यातच घाल रे, ऊन पाण्यानं पक्का बसतो." केमिकल इंजिनिअरिंगला सांगलीत आल्यावर या वाक्याचं कारण नीट समजलं. तेच इथे मांडतो.

आधी साधी साबण पावडर काय करते ते पाहू. तिच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेणारं, तर दुसरं तेलाकडे. त्यामुळे ती तेलाला वेढून कापडावरून उचलते. पण अंडं, रक्त, दूध यांच्या डागात मुख्य पदार्थ असतो प्रोटीन. प्रोटीन म्हणजे शेकडो अमिनो आम्लांची लांबच लांब साखळी. ती वाळून सुताच्या धाग्यात अडकली की नुसत्या साबणाला दाद देत नाही. साखळीचे तुकडे करावे लागतात, आणि ते काम एन्झाइमचं.

ही कल्पना जुनी आहे. जर्मनीत ओटो रोम यांनी 1913 साली जनावरांच्या स्वादुपिंडातलं एन्झाइम धुण्यासाठी वापरण्याचं पेटंट घेतलं. पण ते एन्झाइम धुण्याच्या सोड्यात फार टिकत नव्हतं. खरा मार्ग निघाला तो 1960 च्या सुमारास, बॅसिलस जातीच्या जिवाणूंपासून मिळणाऱ्या प्रोटीएजमुळे. त्याचं नाव सबटिलिसिन. पावडरच्या पाण्यात pH साधारण 10 च्या आसपास असतो आणि सबटिलिसिनला तिथेच काम करायला आवडतं.

हे एन्झाइम स्वतःही प्रोटीनच आहे, सुमारे 275 अमिनो आम्लांचं. ती साखळी ठरावीक प्रकारे घडी होऊन एक खाच तयार होते. डागातल्या प्रोटीनची साखळी त्या खाचेत बसते. तिथे 221 क्रमांकावरचं सेरिन हे अमिनो आम्ल आपल्या ऑक्सिजनने साखळीचा बंध पकडतं. शेजारचं हिस्टिडिन त्याला मदत करतं. बंध तुटतो, अर्धा तुकडा सुटून जातो आणि अर्धा एन्झाइमला चिकटून राहतो. मग पाण्याचा एक रेणू येऊन तोही सोडवतो. एन्झाइम मोकळं, पुढच्या बंधाला तयार! म्हणून तर शंभर ग्रॅम पावडरमध्ये शुद्ध एन्झाइम एक ग्रॅमही नसलं तरी चालतं. कापलेले लहान तुकडे पाण्यात विरघळतात आणि साबण त्यांना घेऊन जातो. वरण-भाताच्या पिठूळ डागासाठी अमायलेज आणि तेला-तुपासाठी लायपेज ही वेगळी एन्झाइम असतात. एकाचं काम दुसरं करत नाही.

आता कढत पाण्याकडे वळू. खरवस आठवा. चिकाचं दूध वाफवलं की त्याची वडी पडते, पण नेहमीचं दूध कितीही उकळलं तरी पडत नाही. का? नेहमीच्या दुधातलं बरंचसं प्रोटीन केसीन असतं आणि ते उष्णतेला सहज गोठत नाही. चिकात मात्र उष्णतेने गोठणारी प्रोटीन भरपूर असतात. तापवल्यावर त्यांच्या घड्या उलगडतात, आतले पाण्याला टाळणारे भाग उघडे पडतात आणि शेजारच्या साखळीतल्या तशाच भागांना चिकटतात. काही ठिकाणी गंधकाचे पक्के बंधही जुळतात. असं एक जाळं तयार होतं. अंड्याचा पांढरा भाग 60 अंशांच्या पुढे गोठू लागतो तो याच कारणाने. रक्तातल्या प्रोटीनचंही तसंच. कापडावर हीच गोष्ट घडली की ते जाळं धाग्यांभोवती विणलं जातं. यालाच आपण डाग 'बसला' म्हणतो.

इथे एक गंमत आहे. उलगडलेली साखळी कापायला एन्झाइमला खरं तर सोपी असते. अडचण अशी की घट्ट गोळ्याच्या आत एन्झाइमचा मोठा रेणू शिरू शकत नाही, त्याला बाहेरून पोखरत यावं लागतं. म्हणून बसलेला डाग अजिबात निघत नाही असं नाही, पण तासाचं काम रात्रभरावर जातं. शिवाय कढत पाण्यात एन्झाइमची स्वतःची घडीही मोडते. म्हणजे डाग पक्का झाला आणि कापणाराही गेला, असं दुहेरी नुकसान.

हे पडताळायला मी एका जुन्या सुती बनियनचे तीन तुकडे केले. प्रत्येकावर फेटलेल्या कच्च्या अंड्याचा चमचाभर डाग टाकून रात्रभर वाळवला. पाकिटावर एन्झाइम असल्याचं छापलेली पावडर घेतली, एक लिटर पाण्याला एक मोठा चमचा. पहिला तुकडा थेट 40 अंशांच्या द्रावणात तासभर ठेवला. दुसरा आधी दोन मिनिटं उकळत्या पाण्यात बुडवून मग तशाच द्रावणात. तिसऱ्यासाठी द्रावण आधी दहा मिनिटं उकळलं, 40 अंशांपर्यंत निववलं आणि मग तुकडा टाकला. पहिल्याचा डाग हाताने चोळताच गेला. दुसऱ्यावर पिवळट कडा राहिली आणि बोटाला कापड कडक लागत होतं. तिसऱ्यावरही डाग बराच राहिला. पहिल्या आणि तिसऱ्यात साबण तोच, तापमान तेच, फरक फक्त जिवंत एन्झाइमचा. बोटाला लागणारा कडकपणा ही खूण लक्षात ठेवा. रंग फिकट झाला तरी कापड कडक असेल तर प्रोटीन आत आहे.

मग योग्य रीत कोणती? डाग ताजा असेल तर आधी गार पाण्याने खळबळून घ्यायचा. नंतर कोमट पाण्यात, म्हणजे हात सुखाने बुडवता येईल इतक्या, पावडर विरघळवून कपडा तास-दोन तास भिजवायचा. अगदी गार पाण्यातही एन्झाइम चालतं, पण सावकाश. साताऱ्याच्या डिसेंबरात जास्त वेळ द्यावा लागेल. त्याच बादलीत ब्लीचिंग पावडर टाकू नका, क्लोरीन एन्झाइमला निकामी करतं. आणि रेशीम व लोकर ही स्वतःच प्रोटीन आहेत! आईची पैठणी या पावडरीत भिजवली तर एन्झाइम डाग आणि साडी यांत भेद करणार नाही.

शेवटी सांगलीकरांसाठी. हळदीच्या या बाजारपेठेत सगळ्यात चिवट डाग हळदीचा, आणि तिथे एन्झाइम हात टेकतं. हळदीचा पिवळा रंग म्हणजे कर्क्युमिन. ते प्रोटीन नाही, पिठूळ नाही, तेलही नाही. उलट साबणाच्या अल्कलीत ते लाल होतं. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तीच ही क्रिया. घाबरू नका, खळबळून घेतल्यावर लाली उतरते. उरलेल्या पिवळ्यावर उपाय फुकटचा आहे. कपडा ओलाच कडक उन्हात टाका, कर्क्युमिन प्रकाशात मोडतं. अंडाकरीच्या डागात मात्र दोन्ही असतात, म्हणून क्रम असा ठेवा: आधी गार पाणी, मग कोमट एन्झाइम, शेवटी ऊन. बंबाचं पाणी अंघोळीला ठेवा.