झाडे एकसारखी का नसावीत? : ‘रँडम फॉरेस्ट’मधील दुहेरी सोडत

शब्दांच्या वारंवारितेवरून मजकुराचे वर्गीकरण करण्यासाठी भाषेचे अभ्यासक आज ‘रँडम फॉरेस्ट’ ही पद्धत वापरतात. लिओ ब्रायमन यांनी २००१ साली ती मांडली. तीत दोन ठिकाणी सोडत काढली जाते. ती कशासाठी, एवढाच प्रश्न मी येथे घेत आहे.

उदाहरण ‘स्पॅमबेस’ या प्रसिद्ध माहितीसंचाचे घेऊ. त्यात ४६०१ ई-पत्रे, म्हणजे ओळी, आहेत. प्रत्येक पत्राची ५७ वैशिष्ट्ये नोंदलेली आहेत: ४८ शब्दांची व ६ चिन्हांची वारंवारिता आणि मोठ्या इंग्रजी अक्षरांच्या सलग वापराची ३ मापे. पत्र नको असलेल्या जाहिरातीचे आहे की कामाचे, हे ठरवायचे आहे.

एकच निर्णयवृक्ष शेवटच्या फांदीपर्यंत वाढू दिला, तर तो जणू प्रत्येक पत्र पाठ करतो. एखाद्या पत्रातला योगायोगही त्याला नियम वाटतो. नव्या पत्रावर तो चुकतो. हीच अतिजुळणी. थोडी पत्रे बदलली तरी झाडाचा आकार पालटतो.

यावर पहिला उपाय ओळींच्या सोडतीचा. प्रत्येक झाडासाठी ४६०१ वेळा चिठ्ठी काढायची आणि दरवेळी ती परत टाकायची. काही पत्रे दोनतीनदा येतात, सुमारे ३७ टक्के येतच नाहीत. त्यामुळे एकाच पत्रातला योगायोग सगळ्या झाडांत शिरत नाही आणि बहुमत घेताना तो मागे पडतो.

पण एवढ्याने भागत नाही. डॉलरचे चिन्ह हे येथे फार प्रभावी वैशिष्ट्य आहे. सगळी वैशिष्ट्ये खुली ठेवली, तर बहुतेक झाडे वरच्या फांद्यांवर अशीच मोजकी चिन्हे व शब्द निवडतील आणि एकत्रच चुकतील. एका झाडाच्या अंदाजाचे विचरण १, झाडांमधील सहसंबंध ρ आणि झाडांची संख्या B मानली, तर सरासरी अंदाजाचे विचरण असे येते:

```
ρ + (1 − ρ)/B
```

५०० झाडे असताना ρ = ०.६ असेल तर उत्तर सुमारे ०.६०१ येते; ρ = ०.२ असेल तर सुमारे ०.२०२. झाडे कितीही वाढवली तरी पहिले पद हटत नाही. सहसंबंधच कमी करावा लागतो.

म्हणून दुसरी सोडत वैशिष्ट्यांची. ती झाडामागे एकदा नव्हे, तर प्रत्येक फाट्यावर नव्याने काढतात. वर्गीकरणात एकूण संख्येच्या वर्गमुळाइतकी, येथे ७, वैशिष्ट्ये घेण्याची रीत आहे. मग एखाद्या फाट्यावर डॉलर-चिन्ह उपलब्ध असण्याची शक्यता ५७ पैकी ७, म्हणजे सुमारे १२ टक्के. उरलेल्या वेळी झाडाला दुसरा पुरावा शोधावा लागतो.

याची किंमतही असते: एकेकटे झाड थोडे कमकुवत होते. उपयुक्त वैशिष्ट्ये मोजकीच आणि निरुपयोगी पुष्कळ असतील, तर सोडतीत बहुधा निरुपयोगीच हाती लागतात; तेव्हा ७ हा आकडा वाढवून पाहावा. पारख मात्र शिकवलेल्या पत्रांवर करू नये, तेथे जंगल जवळपास निर्दोषच दिसते. प्रत्येक पत्राचा निकाल, ते ज्या झाडांच्या सोडतीत आले नव्हते, त्याच झाडांना विचारावा. एकाच पत्राच्या अनेक प्रती संचात असतील, तर हीही चाचणी फसवते. म्हणून प्रती आधी वेगळ्या काढाव्यात.