ईटीएफ की इंडेक्स फंड?

प्रश्न : निफ्टीत दरमहा ५,००० रुपये गुंतवायचे आहेत. ईटीएफचा खर्च कमी दिसतो. तोच घ्यावा का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नुसत्या खर्चाच्या टक्क्यावर जाऊ नका, खरेदी कोणत्या भावाने होते ते पाहा.

इंडेक्स फंडात दुपारी ३ च्या आत अर्ज आणि पैसे दोन्ही पोहोचले, तर त्याच दिवसाची, बाजार बंद झाल्यावर ठरणारी एनएव्ही मिळते. ती १७२.५० रुपये असेल, तर २५ पैसे मुद्रांक शुल्क वजा होऊन तुम्हाला २८.९८४ युनिट मिळतील. रक्कम पुरती गुंतते आणि डिमॅट खातेही लागत नाही.

ईटीएफ शेअरसारखा बाजारात घ्यावा लागतो, तोही पूर्ण युनिटमध्ये. समजा, युनिटचे अंदाजी मूल्य, म्हणजे आयएनएव्ही, २७० रुपये आहे. पण उलाढाल तुरळक असल्याने विक्रेता २७३ मागतो. १८ युनिटला ४,९१४ रुपये लागतील आणि ८६ रुपये पडून राहतील. शिवाय ५४ रुपये जादा गेले, म्हणजे एक टक्क्याहून अधिक! खर्चातली वर्षभराची बचत एका सौद्यात गेली. दलाली वेगळीच.

ईटीएफच घ्यायचा असेल, तर फंड कंपनीच्या संकेतस्थळावर आयएनएव्ही पाहा आणि त्याच्या आसपासच्या भावाची लिमिट ऑर्डर लावा. मार्केट ऑर्डर नको. बाजार उघडताच घाईही नको.

तुमच्या मासिक हप्त्यासाठी मात्र इंडेक्स फंडाची डायरेक्ट योजनाच घ्या.